एक दिवस मुलीचा, पण पैशांसकट

प्रश्न: आम्ही पुण्याचे. २६ ते ३० डिसेंबर आमच्या गाडीने मालवण-तारकर्लीला जातोय. आम्ही दोघं, सासूबाई, नववीतली मुलगी, सातवीतला मुलगा. मागच्या दोन्ही सहलींत मुलगी गाडीत कानात इअरफोन आणि उतरल्यावर "किती वेळ लागेल इथे?" एवढंच. नवरा म्हणतो, एक दिवस तिलाच ठरवू दे. मला वाटतं दिवस वाया जाईल आणि शेवटी सगळं माझ्याच अंगावर येईल. खरंच द्यावा का? आणि द्यायचा तर नक्की कसा?

द्या. पण "कुठे जायचं सांग गं" असं विचारून नको, आणि पहिला किंवा शेवटचा दिवस नको.

मी सतरा वर्षं नाशिकहून कुटुंबांच्या छोट्या सहली आखून देते. बहुतेक आठ-दहा माणसांच्या आतल्या, कोकण, हंपी, राजस्थान अशा. तेरा ते सतरा वयाची मुलं असलेलं कुटुंब आलं की माझा पहिला फोन आईबाबांना असतो आणि दुसरा त्या मुलाला किंवा मुलीला. त्या दुसऱ्या फोनवर मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. ही मुलं सहलीला कंटाळलेली नसतात, त्यांना कुणीतरी कुठेतरी नेत असतं याचा त्यांना कंटाळा असतो. डिकीतली बॅग आणि ती, दोघांनाही उतरवायचं आणि चढवायचं. "किती वेळ लागेल?" हा प्रश्न त्या अवस्थेतला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. जिला पुढचं काहीच माहीत नाही आणि ज्यात काही बदलता येत नाही, ती आणखी काय विचारणार?

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते. तेरा वर्षांच्या मुलाला मी अख्खा दिवस देत नाही, दुपारी चारपासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ देते. तुमची नववीतली आहे, तिला पूर्ण दिवस झेपेल. तुम्ही बसच्या ग्रुप टूरने जात असतात तर ही गोष्ट जवळजवळ अशक्य होती. तुमची स्वतःची गाडी आहे, म्हणून सोपी आहे. आणि काही मुलांना ठरवायला खरंच आवडत नाही. त्यांच्यावर दिवस लादला तर ती शिक्षाच वाटते. अशा मुलांसाठी वेगळी वाट आहे, ती शेवटी सांगते.

माझी स्वतःची फजिती सांगते, कारण तुमची भीती मला तिच्यातूनच कळते. माझा मुलगा चौदाचा असताना आम्ही हंपीला गेलो. "तिसरा दिवस तुझा," असं मी मोठ्या दिलदारपणे जाहीर केलं. त्याने दोन संध्याकाळी बसून वहीत लिहिलं: उशिरा उठायचं, नदीपलीकडे आनेगुंदीच्या बाजूला भाड्याच्या सायकली घ्यायच्या, दुपारी तलावावर, संध्याकाळी मोठ्या धोंड्यांवर बसायचं. मी वाचलं आणि म्हटलं, छान आहे, फक्त सकाळी आधी विठ्ठल मंदिर उरकू, कारण ऊन चढतं. आणि सायकलऐवजी रिक्षा करू, बाबांचे गुडघे. आणि तलावाचं पाणी कसं असेल कुणास ठाऊक. त्याने वही मिटली. दिवस माझ्या मनासारखा झाला, सगळं पाहून झालं, आणि तो पूर्ण दिवस एक शब्द बोलला नाही. परतीच्या वाटेवर तो त्याच्या बाबांना म्हणाला, "मला विचारलंच का मग?" त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. निवड देऊन मागे घेण्यापेक्षा न दिलेली बरी. मुलांना नकार पचतो, तोंडदेखलं विचारणं पचत नाही.

म्हणून आता मी आधी चौकट ठरवते आणि ती मुलांना कागदावर देते. चौकट लहान पण पक्की. तीत चारच गोष्टी असतात: परत कधी यायचं, पैसे किती, गाडी किती लांब जाईल, आणि घरातल्या कुणाची काय अडचण आहे. तुमच्या बाबतीत ती सासूबाईंच्या जेवणाची आणि औषधांची वेळ असेल, किंवा त्यांना किती पायऱ्या चालतात हे असेल. आईबाबांचा नकाराधिकार फक्त सुरक्षिततेपुरता, आणि तो आधीच वापरायचा, त्या दिवशी सकाळी नाही. "मला ते बोअर वाटतं", "ते तर पुण्यातही मिळतं", "एवढ्या लांब येऊन हे काय?" ही कारणं चालत नाहीत. चौकटीच्या आत सगळं तिचं.

पैसे तिच्या हातात द्यायचे, रोख. हा भाग आईबाबांना सगळ्यात जड जातो आणि सगळ्यात जास्त काम हाच करतो. तिने नुसतं ठिकाण निवडलं आणि पाकीट तुमच्याकडे राहिलं तर ती ठरवत नाही, मागणी करते. मागणी करणारं माणूस नेहमी जास्तच मागतं. पाकीट हातात आलं की तीच मुलगी दर विचारायला लागते.

मागच्या डिसेंबरमध्ये माझ्याकडे नाशिकचं एक कुटुंब होतं, जवळजवळ तुमच्याच साच्याचं: आईबाबा, आजी, पंधरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा भाऊ, मालवण. ती मुलगीही फोनवर माझ्याशी "हं", "नाही" आणि "काहीही चालेल" एवढंच बोलत होती. तेव्हा मी जो प्रश्न नेहमी विचारते तो विचारला. "काय करायचंय ते राहू दे. आईने केलेल्या यादीतलं तू काय काय खोडशील?" ती एकदम बोलायला लागली. चौथं देऊळ. सकाळी सहाचं निघणं. प्रत्येक ठिकाणी फोटोसाठी रांगेत उभं राहणं. हा प्रश्न का चालतो ते मला नीट सांगता येणार नाही, पण मुलांना काय नको ते नेहमी पक्कं माहीत असतं. ते बाजूला झालं की जे उरतं त्यातून काय हवं ते आपोआप दिसतं. तिला जे हवं होतं ते असं: समुद्राच्या आत जायचं, एक दुपार कुणी काही न बोलता झोपायचं, आणि जिथे गर्दी नाही तिथे सूर्यास्त.

तिला सात हजार रुपये दिले होते, पाच जणांच्या एका दिवसासाठी. राहणं आणि रात्रीचं जेवण त्यात नव्हतं, कारण ते होमस्टेवर ठरलेलं होतं. चौकट अशी: संध्याकाळी साडेसातपर्यंत परत, गाडी मालवण-तारकर्ली-देवबाग एवढ्यातच, आणि आजीला मधुमेह असल्याने तिचं जेवण दीडच्या आत.

स्कूबाचे फोन तिनेच केले. आजकालची मुलं सगळं टाइप करतील, पण अनोळखी माणसाला फोन करायला बिचकतात. म्हणून मी चार प्रश्न लिहून देते. दरात काय काय धरलंय, होडी आणि व्हिडिओ वेगळा का? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? एका प्रशिक्षकामागे किती जण? समुद्र खवळला आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत का? तिसरा प्रश्न विचारला की समोरच्याचा सूर बदलतो. तिने तीन ठिकाणी विचारलं आणि सगळ्यात स्वस्त ठिकाण सोडलं, कारण तिथे मिनिटांचं उत्तर मिळेना. आईबाबांनी त्यांचा सुरक्षिततेचा भाग वेगळा पाहिला: परवाना, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र, होडीत सगळ्यांना लाइफ जॅकेट. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

स्कूबामुळेच मी म्हणते की तिचा दिवस मधला असू द्या. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच उंचीवर जायचं नसतं. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी बारा तास थांबावं असा संकेत आहे, आणि डोंगर-घाट चढून वर जाण्यालाही तोच लागू होतो. उथळ पाण्यातल्या पहिल्या अनुभवात धोका कमी असतो हे खरं. तरी सकाळी समुद्रात आणि दुपारी कोल्हापूरच्या वाटेवर घाटात, असं मी कुणालाच आखून देत नाही. तुमचं ३० तारखेला निघणं आहे, म्हणून २८ तारीख तिला द्या. वारा सुटला आणि होड्या थांबल्या तर २९ हाताशी राहते.

आता वेळेचं. मोठ्यांना वाटतं ही मुलं आळशी आहेत म्हणून सकाळी उठत नाहीत. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री अकरा वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला शरीर उठायला तयार नसतं. म्हणून मुलांनी आखलेला दिवस बहुधा दहाला सुरू होतो, आणि मी त्याला विरोध करत नाही. पण मालवणचा समुद्र सकाळी शांत असतो, दुपारी वारा वाढतो, लाटा उठतात आणि पाणी गढुळतं. तिला फोनवर दोन वेळा सांगितल्या होत्या, सकाळी आठ किंवा साडेदहा. आई म्हणाली, ही साडेदहाच घेणार. तिने विचारलं, कुठल्या वेळी खाली जास्त दिसतं? आठला, असं उत्तर आलं. तिने आठ घेतलं. आधीचे दोन्ही दिवस तिला उठवायला तीन-तीन हाका लागल्या होत्या. त्या दिवशी तीच सव्वासहाला आंघोळ करून भावाला हलवत होती.

दुसरी वेळ होती संध्याकाळची, आणि ही गोष्ट मला तिच्या आईने फोनवर हसत हसत सांगितली. मालवणला चिवल्याच्या बाजूला रॉक गार्डन आहे. वर बाग, खाली काळा खडक समुद्रात शिरलेला. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकाच्या खळग्यांत डबकी राहतात आणि त्यांत खेकडे, शंख, छोटे मासे दिसतात. भरतीला तिथे काही दिसत नाही, नुसत्या लाटा फुटतात. मुलगी आदल्या रात्री मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता शोधत बसली होती. आजी मूळची दाभोळकडची. ती म्हणाली, "उद्या तिथी कोणती?" त्रयोदशी. आजीने बोटांवर हिशेब केला. "तेराचे पाऊण किती? पावणेदहा. पावणेदहाला पूर्ण भरती. त्यात सहा तास आणि थोडं वर घाल, चारला ओहोटी. आणि पुनव जवळ आली, म्हणजे उधाणाचं पाणी, लांबवर मागे जाणार." मोबाइलवर चार वाजून दहा मिनिटं आलं.

हे गणित ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोकण किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, सकाळची आणि संध्याकाळचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. प्रतिपदेपासून मोजायचं, शुद्ध असो वा वद्य. अर्ध्या तासाचा फरक धरायचा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे त्या दिवसांत खडक म्हणावा तसा उघडा पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे गंमत असते. देवबागला कार्ली नदीच्या मुखाशी वाळूचं बेट आहे, सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. त्याचंही तसंच, भरतीला तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं आणि लोक विचारतात, बेट कुठाय? तुमच्या तारखांच्या तिथ्या कॅलेंडरवर बघायचं काम मुलीला द्या, आणि गणित सासूबाईंना येत असेल तर त्यांच्याकडूनच शिकू द्या.

तर त्या मुलीचा दिवस असा ठरला: आठला स्कूबा, जेवण, झोप, चारला रॉक गार्डन, तिथेच सूर्यास्त, बाजारात खाजा, साडेसातला घरी. हिशेब असा: ती, भाऊ आणि बाबा यांच्या स्कूबाचे साडेचार हजार, पाच जणांच्या जेवणाचे सोळाशे, चहा-खाज्याचे चारशे, हातात पाचशे. मी तिला एवढंच विचारलं की रिकामी जागा कुठे आहे. मुलांच्या यादीत नेहमीचा दोष हाच असतो. पहिल्या झटक्यात ती नऊ ठिकाणं घालतात, कारण मोबाइलवर सगळी एकमेकांना चिकटलेली दिसतात. हिच्या यादीत झोप होती म्हणून मला काळजी नव्हती. तुमच्या मुलीने जास्त घातलं तर खोडू नका, प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये गाडीला लागणारा वेळ तिलाच लिहायला लावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या अरुंद रस्त्यांवर त्याच्या दुप्पट धरायला सांगा. यादी आपोआप उतरते.

त्या दिवशी दोन गोष्टी बिघडल्या. पहिली सकाळीच. धाकट्याला सर्दी होती, नाक चोंदलेलं. होडीवर चढण्याआधी तब्येतीचा अर्ज भरायचा असतो: दमा, कानाचं दुखणं, फिट्स, हृदय, सर्दी. प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. बरोबरच केलं. पाण्याखाली कानावर दाब येतो, तो नाक दाबून फुंकर मारून सोडवावा लागतो. नाक बंद असेल तर तो सुटत नाही आणि कान भयंकर दुखतो, पडद्याला इजाही होऊ शकते. पोरगं रडवेलं झालं. आईच्या तोंडावर आलं होतं, "जाऊ दे, मग कुणीच नको." ती बोलली नाही. हे मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं: त्या दिवशी तुम्ही पाहुण्या आहात, पाहुणे यजमानाला स्वयंपाकघरात जाऊन सूचना देत नाहीत. बहिणीने प्रशिक्षकालाच विचारलं, हा काय करू शकतो? पाण्यावर तरंगत, मास्क लावून वरूनच बघायचं, पाचशे रुपये. धाकटा तयार झाला. त्याचे हजार वाचले. बहिणीने ते स्वतःकडे ठेवले नाहीत. त्या मुलाला सहलीत एकच गोष्ट हवी होती, कुर्ल्या. तिने दुपारी होमस्टेच्या मावशींना फोन करून रात्रीसाठी त्या वेगळ्या सांगितल्या आणि त्याचे पैसे तिच्या पाकिटातून दिले. हे तिला कुणी सुचवलेलं नव्हतं.

दुसरी चूक तिची होती. जेवणाची जागा तिने रेटिंग बघून काढली, पण फोन केला नाही. पावणेएकला पोचले तर बाहेर तीस माणसं उभी. त्या दिवसांत चांगल्या खानावळीत तास-सव्वातास सहज जातो, हे मला माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण आजीची दीडची वेळ चौकटीत होती. सव्वा वाजता मुलीचं तोंड उतरलं. आईने पर्समधून राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाणे काढून सासूला दिले आणि पुन्हा गप्प बसली. मुलगी उठली, रस्त्यापलीकडे एक साधी जागा होती, नाव नाही, सहा टेबलं, तिथे जाऊन आली. "मासे नाहीयेत, उसळ-भात-सोलकढी आहे, लगेच मिळेल," असं आजीला सांगून तिला घेऊन गेली. दोघी तिथे जेवल्या. बाकी तिघे रांगेत थांबून सुरमईच्या थाळ्या जेवले. ते जेवण तिने ठरवलं होतं तसं झालं नाही, पाच माणसं दोन ठिकाणी. पण आजीने मला नंतर खास सांगितलं की नात आणि ती अशी दोघीच बाहेर जेवायला पहिल्यांदाच बसल्या.

हे सांगायचं कारण, तुम्हाला जी भीती आहे ना की शेवटी सगळं माझ्या अंगावर येईल, ती कधी खरी होते आणि कधी नाही ते इथे दिसतं. आई अकरा वाजता मध्ये पडली की त्यानंतरचं सगळं तिच्या अंगावर येतं. मुलगी लगेच बाजूला होते आणि "मग आता काय करायचं?" असं आईला विचारते. हा प्रश्न ऐकू आला तर समजा, दिवस तुमच्याकडे परत आला आहे. ती "आता आपण असं करूया" असं म्हणत असेल, भले ते चुकीचं असेल, तर दिवस अजून तिच्याकडे आहे. पर्समधली वडी ही तुमची तयारी. ती असू द्या, बोलायला नको. मी तर म्हणते सासूबाईंच्या औषधांची आणि एका सुक्या खाऊची पिशवी गाडीत ठेवून द्या आणि तिला सांगूही नका.

दोन मुलांचं: दिवस दोघांना मिळून देऊ नका. मी दोन-तीन वेळा तसं करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी भांडण किंवा तडजोड झाली. तडजोडीचा दिवस कुणाचाच नसतो. धाकट्याला २७ तारखेची संध्याकाळ द्या, पाचशे रुपये आणि गाडी. बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा असेल तर होड्या किती वाजता परततात ते कोळ्यांनाच विचारावं लागतं, रोज वेळ बदलते. सातवीतल्या मुलाला हे काम फार मोठं वाटतं. आणि तुमचे स्वतःचे दिवस तुमचेच राहू द्या, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. किल्ला २७ ला सकाळी तुमच्या मनाने करा. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते दिसत नाही. मुलीला एवढंच सांगा की दरवाजा आधी कोण शोधतं ते बघू. माहिती तिथे वाचून दाखवू नका.

मोबाइल काढून घ्यावा का, हे पुढे विचारालच म्हणून: तिच्या दिवशी तो तिचं अवजार आहे, नकाशा, तक्ता, फोन, हिशेब. त्याच्यावर बंदी घालून दिवस आखायला सांगणं म्हणजे पोळपाट काढून घेऊन पोळ्या लाटायला सांगणं. बाकीच्या दिवसांचं तुमचं घरचं जे काही आहे ते चालू द्या.

आणि समजा ती सरळ म्हणाली, मला काही ठरवायचं नाही, मला त्रास देऊ नका? तर दिवस मागे घ्या, न रागावता. तिला फक्त खोडण्याचा हक्क द्या: तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी ती रद्द करू शकते, कारण न देता. मी हे अनेकांना सांगितलंय आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या सहलीत तीच मुलं खोडलेल्या जागी काहीतरी लिहून आणतात. काही नाही आणत. माझ्या बहिणीची मुलगी एकोणीसची झाली, अजून म्हणते मावशी तू सांग, मी येते. तीही मजेत असते. आणि तिने "हॉटेलवर झोपायचं आणि मॅगी खायची" असा दिवस आखला तर? चौकटीत बसतो. बसू द्या. नववीचं वर्ष, शाळा, क्लास, तिला खरंच झोप हवी असेल. तुम्ही, नवरा आणि सासूबाई त्या दिवशी खोलीत बसून राहायला बांधलेले नाही, तुम्ही धामापूरच्या तलावावर जाऊन या.

तुमच्या तारखा नाताळच्या गर्दीतल्या आहेत, तेव्हा स्कूबाची सकाळची वेळ फार आधी भरते. तिला २८ तारीख, रक्कम आणि चौकट आजच सांगा आणि फोन तिलाच करू द्या. रक्कम किती ते तुम्ही नवरा-बायको आधी ठरवा, तिच्यासमोर घासाघीस नको. आणि तो राजगिऱ्याच्या वडीचा डबा सासूबाईंच्या बाजूच्या दारात ठेवा, डिकीत नको. रांगेत उभं असताना डिकी उघडली की मुलगी बघते.